दौलताबादचा वाटाड्या

मागच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण औरंगाबादला गेलो. मी, माझे शौहर, दोन मुलं आणि सासूबाई. हातात एकूण 12,000 रुपये. जायच्या आधी रात्री जेवणानंतर वही घेऊन बसलो. सवाल एकच होता, कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही.

एसी खोली पहिल्यांदा कटली. डिसेंबरात तिथे गारठा असतो, पैसे देऊन आणखी थंडी कशाला? अजिंठाही वगळला. तो शहरापासून शंभर किलोमीटरवर दुसऱ्या दिशेला आहे, म्हणजे आणखी एक पूर्ण दिवस आणि पुन्हा गाडीभाडं. मुलगी रुसली. पण एकाच रस्त्यावर दौलताबाद, खुलदाबाद आणि वेरूळ आहेत. तिघांसाठी एकच गाडी दिवसभर ठरवली, सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे तो खर्च वाचवता येणारच नव्हता. वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणून आम्ही बुधवार धरला. या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, तेवढीच बचत.

खरी हुज्जत झाली ती दौलताबादच्या गाइडवरून. शौहर म्हणाले, "किल्ला डोळ्यांनी दिसतो, माणूस कशाला?" मला मात्र पूर्वीची सहल आठवत होती. तेव्हा आम्ही गाइडचे पैसे वाचवले, धापा टाकत वर गेलो आणि भिंती बघून उतरलो. काय पाहिलं, ते कुणालाच सांगता येईना.

या वेळी गाइड घेतला. सासूबाई खाली चाँद मिनारजवळ सावलीत बसल्या. आम्ही खंदकावरच्या पुलावरून आत गेलो. खंदक उभ्या कातळात कोरलेला आहे, हे त्याने हात लावून दाखवलं. मग अंधेरी, खडकातली काळोखी, वळणावळणाची वाट. पायऱ्या सगळ्या सारख्या नाहीत. शत्रूचा पाय अडखळावा म्हणून तशा केल्या, असं गाइड म्हणाला. त्याने विजेरी क्षणभर विझवली. धाकट्याने माझा हात घट्ट धरला, वर वटवाघळं फडफडत होती. एकट्याने गेलो असतो तर ती वाट फक्त घाण आणि काळोख वाटली असती.

मेंढा तोफेजवळ त्याने मागच्या बाजूचं मेंढ्याचं डोकं दाखवलं. तिच्यावरचा फारसी लेख मुलगी अक्षर अक्षर लावून वाचू लागली. शाळेतली उर्दू कामी आली. गाइडही थांबला, तिचं होऊ दिलं.

खुलदाबादला दर्ग्यांत तिकीट नाही, तिथे फक्त वेळ दिला. वेरूळला कैलास लेणं निवांत पाहिलं, बाकीची बरीच सोडली. चौतीस लेणी एका दिवसात बघणं ही पायांची सजा आहे. परतीला हॉटेलऐवजी घरून आणलेले पराठे गाडीत खाल्ले. मुलगी म्हणाली, "अम्मी, पुढच्या वेळी अजिंठा, पण गाइडसकट." शौहरनी वहीत तेवढं लिहून घेतलं.