चि. सौ. लिहिताना

मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं आणि वर्षभराने तिला घरी बोलवावंसं वाटतंय. फोन ती उचलत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलात. तुम्ही चंदीगडमध्ये राहत असाल, तर आधी एक लक्षात घ्या. घरच्यांच्या धाकाने पंजाब, हरियाणातली कितीतरी जोडपी लग्नानंतर इथल्या उच्च न्यायालयात संरक्षण मागतात. त्या अर्जात प्रतिवादी म्हणून बहुधा मुलीच्या वडिलांचंच नाव असतं. 'घरी या, रीतसर लग्न लावून देतो' असं सांगून बोलावून घात केल्याच्या बातम्याही तिने वाचलेल्या असतात. त्यामुळे तुमची माया खरी असली, तरी नुसतं 'घरी ये' वाचून ती घाबरू शकते.

म्हणून पहिल्या ओळीपासून जपून लिहा. 'चि.' नंतर 'सौ.' लिहा. त्या एका अक्षराने तुम्ही तिचं लग्न मान्य करता. पाकिटावर दोघांची नावं घाला. मग साधारण असं लिहा:

'चि. सौ. बाळ, अनेक आशीर्वाद. तुझ्या लग्नाला मी नाही म्हणालो, तेव्हा जे बोललो त्याचं मला वाईट वाटतं. तुम्हा दोघांना दिवाळसणाला बोलवायचं आहे. त्याआधी एकदा भेटू. जागा आणि वेळ तुम्ही ठरवा, सुखना तलावाकाठी भेटलो तरी चालेल. मी आणि आई, दोघंच येऊ. कोर्टातला अर्ज मागे घे असं मी म्हणणार नाही. यावंसं वाटलं नाही तरी माझा राग नाही.'

दिवाळसण जावयाशिवाय होत नाही, म्हणून या आमंत्रणात तो आपोआप येतो. 'तू एकटीच ये' लिहिलंत, तर पत्र तिथेच फसतं. पहिली भेट चारचौघांत ठेवली, की नको वाटलं तर उठून जायची तिला मोकळीक राहते. अर्जाचा विषय तुम्हीच काढून सोडून दिलात, की हा कोर्टातून सुटायचा डाव नाही हे तिला कळतं.

काय लिहू नये? 'आईने अंथरूण धरलंय', 'लोक काय म्हणतात', 'तुला माफ केलं'. शेवटचं तर मुळीच नको. दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवल्यावर घराण्याची, समाजाची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट केलं. तिने गुन्हा केलेला नाही, मग माफी कसली?

पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यांना पत्र वाचून दाखवा. भाऊ किंवा काका अजून धुमसत असतील, तर पत्र थांबवा. आधी त्यांना समजवा. कारण घरी बोलावणं तुमचं असलं, तरी दारात उभे ते असतील. आणि उत्तर आलं नाही, तर तिच्या सासरी किंवा ऑफिसात जाऊन उभे राहू नका. दिवाळीला पुन्हा दोन ओळी लिहा, सुरुवात तीच: चि. सौ.