तोटा झाला म्हणून वही फाडायची का?

यंदाच्या उन्हाळ कांद्यात मला तोटा झाला. "वहीत लिहून शेती केली की असंच होतं," असं चार जण बोलले. त्यांना हे उत्तर.

वहीत एप्रिलमध्येच लिहिलं होतं : ९० क्विंटल कांदा, तीन भाग. एक मे मध्ये, एक जुलैत, एक सप्टेंबरात विकायचा. पहिल्या दोन भागांतून सोसायटीचं कर्ज आणि खरिपाचा खर्च निघाला पाहिजे. तसंच केलं, एक दिवस इकडं तिकडं नाही. तोटा झाला तो शेवटच्या ३० क्विंटलमध्ये.

हिशोब बघा. मे मध्ये भाव १५०० होता, म्हणजे ३० क्विंटलचे ४५ हजार झाले असते. सप्टेंबरपर्यंत सड, कोंब आणि वजनातली घट मिळून पाव माल जातो, हे वहीत आधीच धरलेलं. उरतो साडेबावीस क्विंटल. त्याचे ४५ हजार व्हायला भाव २००० पाहिजे, हमाली-निवडणी वेगळी. मिळाला १२००. हातात आले २७ हजार. १८ हजार गेले.

आता सांगा, निर्णय चुकला की भाव पडला? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निर्णय तपासायचा तो एप्रिलमध्ये जे माहीत होतं त्यावर. माझ्या वहीत मागच्या दहा वर्षांचे भाव आहेत. सहा वर्षं सप्टेंबरचा भाव मे पेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वर होता, चार वर्षं नव्हता. सहा वर्षांतला फायदा चार वर्षांच्या तोट्यापेक्षा मोठा होता. यंदाचे १८ हजार त्यात घातले तरी बेरीज फायद्यातच राहते. शिवाय तिसरा भाग बुडाला तरी घर चालेल, एवढाच माल थांबवला होता.

शेजारच्यानं मे मध्ये सगळा विकला, तो शहाणा ठरला. त्यानंच मागं एकदा सगळा कांदा दिवाळीपर्यंत कोंडला, भाव लागला, तेव्हाही शहाणाच ठरला! निकालावरून अक्कल मोजली की असंच होतं.

पण "वहीप्रमाणं केलं" म्हणून सुटका नाही. वहीतला अंदाजही चूक असू शकतो. म्हणून चाळ फोडल्यावर मी माल काट्यावर घातला. घट धरली होती २५ टक्के, निघाली २६. अंदाज बरोबर. ४० निघाली असती तर दोष भावाचा नव्हता, वहीचा होता. मग चाळीची हवा, भरायच्या आधीची सुकवण, निवड, सगळं तपासलं असतं आणि सप्टेंबरचा भाग कमी केला असता.

त्यामुळं पुढच्या वर्षी बेत तोच. फक्त भावाच्या यादीत एक ओळ वाढली : अकरा वर्षांत सहा. ही गणती निम्म्याखाली गेली, किंवा फायदा-तोट्याची बेरीज उलटली, तर बेत मीच बदलीन. एका सप्टेंबरवरून नाही.