मशिनमधली बक्षिशी कोणाची?

मार्च सरला की मालवणात गाड्यांची रांग लागते. तारकर्ली, देवबाग, चिवला बीच, किल्ल्याकडे जाणारी जेटी, सगळीकडे पाहुणे. दुपारी दोनच्या सुमारास खानावळींत बसायला जागा मिळत नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांची रोजी या खानावळींवर आहे. कोणी मालक आहे, कोणाचा मुलगा वाढपी आहे, कोणाची बहीण स्वयंपाकघरात वड्यांचे पीठ मळते. आम्ही शिक्षक असलो तरी सुट्टीत एका नातलगाच्या खानावळीची वही लिहून देतो. त्या वहीत गेल्या काही वर्षांत एक नवी अडचण वरचेवर येऊ लागली आहे, आणि तिचा संबंध मालक आणि कामगार दोघांच्याही खिशाशी आहे.

पूर्वी गिऱ्हाईक उठताना बडीशेपेच्या ताटलीत वीस-पन्नास रुपये ठेवून जाई. वाढपी ते उचले, रात्री सगळे मिळून वाटून घेत. मालकाच्या वहीशी त्याचा काही संबंध नव्हता. आता गिऱ्हाईक कार्ड पुढे करतो आणि म्हणतो, "एकवीसशे झाले ना? तेवीसशे घ्या." वरचे दोनशे रुपये त्याने वाढप्याला दिले, पण ते जाऊन पडले मालकाच्या बँक खात्यात. क्यूआर कोडवर पैसे भरले तरी तेच होते. मग हे दोनशे कोणाचे?

हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आयटीसी कंपनीच्या हॉटेलांत गिऱ्हाइके कार्डाने बिलासोबत टिप देत आणि कंपनी ती नंतर कर्मचाऱ्यांत वाटत असे. आयकर खात्याचे म्हणणे असे की पैसा मालकाच्या हातून कर्मचाऱ्याला गेला म्हणजे तो पगारच झाला, आणि कंपनीने त्यातून कर कापून घ्यायला हवा होता. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली. एप्रिल 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. टिप गिऱ्हाईक स्वखुशीने देतो, ती नोकरीच्या करारातून येत नाही. मालक ती रक्कम केवळ विश्वस्त म्हणून हातात धरतो, म्हणून ती पगार नाही आणि पगारासारखा कर त्यातून कापायचा नाही. कर्मचाऱ्याच्या हाती ती 'इतर उत्पन्न' म्हणून मोजली जाते, तिचा हिशेब तो स्वतः देईल. न्यायालयाने ज्याला विश्वस्त म्हटले, त्याच्या हातातल्या ठेवीला आपल्या घरांत अमानत म्हणतात. हा शब्द एकदा डोक्यात बसला की वहीतल्या नोंदी सरळ होतात.

आता प्रत्यक्ष नोंद पाहू. चार सुरमई थाळ्यांचे 2,000 रुपये झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी 100, त्यात केंद्राचे 50 आणि राज्याचे 50. बिल 2,100. गिऱ्हाइकाने 200 टिप धरून कार्डावर 2,300 दिले. त्या दिवशीच्या कीर्दीत 'कार्डाचे येणे' या खात्याला 2,300 नावे पडतील. समोर विक्रीला 2,000 जमा, जीएसटी देणे 100 जमा, आणि उरलेले 200 'कर्मचारी टिप देणे' नावाचे वेगळे खाते उघडून त्यात जमा. हे खाते देण्याच्या बाजूचे आहे. मासळीवाल्याचे पैसे द्यायचे राहिले तर जसे देणे दिसते, तसेच हे दोनशे दिसले पाहिजेत. विक्रीत त्यांना जागा नाही, कारण मालकाने ते कमावलेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी बँकेत 2,300 येत नाहीत. कार्डाचे व्यवहार करून देणारी बँक आपले शुल्क कापून घेते. ते करासह शेकडा दोन रुपये आहे असे समजू. म्हणजे 46 गेले आणि 2,254 खात्यात आले. नोंद अशी: बँक 2,254 नावे, कार्ड शुल्क 46 नावे, कार्डाचे येणे 2,300 जमा. काही ठिकाणी आम्ही 2,254 मधून कर वजा करून उरलेली रक्कम विक्री म्हणून लिहिलेली पाहिली आहे. त्यात शुल्क लपते, टिप लपते, आणि वर्षअखेरीस मशिनचा आकडा एक, वहीचा दुसरा आणि जीएसटीच्या विवरणातला तिसरा अशी गत होते.

आठवडाअखेर मुलांना पैसे वाटले की टिप देणे 200 नावे, रोकड 200 जमा. खाते कोरे झाले.

त्या 46 रुपयांपैकी चार रुपये टिपवर पडलेले आहेत. ते कोणी सोसायचे? महिन्याला 18,600 रुपये टिप आली आणि ती सगळी कार्डाने आली असे धरले, तरी शुल्क होते 372 रुपये. एवढ्यासाठी मुलांच्या पैशाला हात लावू नये असे आमचे मत आहे, कारण मशिन मालकाने धंद्यासाठी ठेवले आहे. कापायचेच असेल तर आधी सांगून, वहीत वेगळे दाखवून कापावे. गुपचूप वीस-तीस रुपये कमी देण्याने जो संशय पसरतो, तो पुढचा सबंध हंगाम जात नाही.

गोंधळ होतो तो बहुतेक रात्री मशिन बंद करताना. बिलांची बेरीज निघते समजा 41,300 आणि मशिनच्या सेटलमेंट स्लिपवर असते 42,150. गल्ल्यावरचा मुलगा दमलेला असतो. साडेआठशेचा फरक कुठला हे आठवत नाही, म्हणून तो विक्रीत मिळवून आकडा जुळवतो. तिथेच वाढप्याची बक्षिशी मालकाचा नफा बनते. नियत वाईट असते असे नाही, पण पैसा गेला तो गेलाच. उपाय साधा आहे. कार्ड ओढतानाच बिलाच्या खानावळीकडील प्रतीवर टिपची रक्कम लिहायची आणि वाढप्याने सही करायची. बऱ्याच मशिनमध्ये टिपचा वेगळा पर्याय असतो, बँकेला सांगून तो सुरू करून घेता येतो. मग स्लिपवरच टिप वेगळी छापून येते.

टिप विक्रीत मिसळली की मालकाचेही नुकसान होते. नफा फुगतो आणि त्यावर आयकर लागतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या खानावळीला तर एकूण विक्रीवर पाच टक्के कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. तिथे 18,600 ची टिप विक्रीत गेली की 930 रुपये विनाकारण सरकारजमा. मग ती रक्कम मुलांना देताना 'मजुरी' म्हणून खर्च टाकला, तर जी टिप पगार नव्हती ती आपणच पगार करून ठेवली. भविष्य निधी आणि राज्य विम्याचे अधिकारी ती वही पाहून प्रश्न विचारणारच.

सेवा शुल्काची गोष्ट निराळी आहे. मोठ्या शहरांचे पाहून आपल्याकडेही काही ठिकाणी बिलात दहा टक्के सेवा शुल्क छापले जाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितले की ते आपोआप लावता येणार नाही, दुसरे नाव देऊनही नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारणेही नाही. हॉटेलांच्या संघटना न्यायालयात गेल्या. 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा असे शुल्क बिलात दिसले तर गिऱ्हाईक ते काढायला सांगू शकतो, नाही ऐकले तर 1915 या क्रमांकावर तक्रार करू शकतो.

फरक समजायला मघाचेच बिल घ्या. 2,000 वर 200 सेवा शुल्क, मग 2,200 वर पाच टक्के म्हणजे 110, एकूण 2,310. टिप दिली असती तर 2,300. ते दहा रुपयेच सांगतात की शुल्क हा मालकाने लावलेला भाव होता, टिप ही गिऱ्हाइकाची खुशी. मालकाने लावलेल्या भावावर कर येतो आणि तो मालकाच्या जमेत बसतो. त्यातला वाटा देण्याचे मुलांना नोकरीच्या वेळी कबूल केले असेल, तर तो वाटा कामाचा मोबदला ठरू शकतो आणि वर सांगितलेली सवलत गृहीत धरता येत नाही. ज्यांनी मागच्या वर्षांत असे शुल्क घेतले, त्यांनी ती जुनी रक्कम टिपच्या खात्यात ढकलू नये. ती वेगळी दाखवून आपल्या हिशेबनीसाकडून तपासून घ्यावी.

आता वही खरी आहे की नाही हे कसे ओळखायचे? मे महिन्याचे खाते घेऊ. एप्रिलअखेरचे वाटायचे राहिलेले 3,400. मे महिन्यात जमा झाले 18,600. वाटले 17,200. शिल्लक देणे 4,800. ही 4,800 ची शिल्लक आणि शेवटच्या आठवड्यातल्या बिलांवर लिहिलेल्या टिपांची बेरीज एकच आली पाहिजे. शिल्लक त्याहून कमी असेल किंवा उलट बाजूला गेली असेल, तर टिप जमा करताना कुठेतरी विक्रीत गेली आहे. शिल्लक महिन्यागणिक वाढतच असेल तर अर्थ सरळ आहे. मुलांचे पैसे मालक वापरतो आहे. हंगामात बर्फाचे, गॅसचे पैसे भागवायला हे पैसे फार सोयीचे वाटतात, म्हणून टिपपुरती रोकड वेगळ्या डब्यात ठेवलेली बरी.

वाटणीचे सूत्र आधी ठरवून भिंतीवर लावावे. आमच्या माहितीतल्या एका खानावळीत वाढप्याला दोन वाटे, स्वयंपाक आणि धुण्याभांड्याच्या माणसांना एक-एक वाटा असे आहे. तीन वाढपी आणि सहा आतली माणसे, मिळून बारा वाटे. 4,800 चे वाटे केले तर चारशेचा एक. वाढप्याला 800, आतल्या माणसाला 400. आतल्यांना कशाला, असे वाढपी आधी म्हणत. पण तिसऱ्यांचे सुके ज्या हाताने केले, त्या हाताचाही त्या बक्षिशीत भाग आहे हे त्यांनी पुढे मान्य केले.

खरी कसोटी मे महिन्याच्या अखेरीस लागते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, किल्ल्याची फेरी बंद, पाहुणे नाहीत. बाहेरगावची मुले गाशा गुंडाळून गावी जातात. शेवटच्या आठवड्याची कार्डाची रक्कम बँकेत येईपर्यंत कोणी गाडीतही बसलेला असतो. त्याचे 800 रुपये 'गेला तो' म्हणून उत्पन्नात ओढून घेता येत नाहीत. खात्यात त्याच्या नावावर देणे म्हणून ते उभे राहतात. निघण्याआधी प्रत्येकाचा मोबाइल आणि बँक खाते क्रमांक वहीत लिहून घ्यावा, आणि रक्कम आली की त्याला पाठवून त्याच दिवशी त्याच्या नावापुढे नोंद टाकावी. मालकाकडे पैसे बँकेत आले नव्हते ही सबब असते, पण वाढपी गेला तरी देणे जात नाही. एखाद्याचा पत्ताच लागला नाही तर त्याची ओळ पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर उतरवून घ्यावी. ऑक्टोबरमध्ये तोच मुलगा पुन्हा दारात उभा राहण्याचा संभव बराच असतो.