यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे?

शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर फळ्या बसवायच्या असल्या, की काँक्रीटमध्ये भोके पाडणाऱ्या यंत्राची गरज पडते. अशा वेळी हमखास एक सल्ला मिळतो : "भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा यंत्र विकतच घ्या, वस्तू तरी राहील." माझ्या मते हा सल्ला बहुधा चुकीचा असतो. का, ते हिशेब मांडूनच पाहू.

प्रथम यंत्र कोणते, ते ठरवले पाहिजे. घरगुती इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत उड्या मारतात. त्यांचा ठोका हलका असतो. विटेच्या भिंतीला तो पुरतो, पण काँक्रीटच्या तुळईत बिट नुसतेच फिरते, तापते आणि बोथट होते. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोराने धातूचा एक ठोकळा बिटाच्या मागच्या टोकाशी आदळतो. म्हणून काँक्रीटसाठी हेच यंत्र हवे. ते महाग असते, म्हणूनच आपला प्रश्न उभा राहतो.

आता आकडे घेऊ. ते केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे दर विचारून ते बदलावेत. यंत्राची किंमत ६,००० रुपये. काही वर्षांत कार्बन ब्रश, ग्रीज वगैरेंसाठी ५०० रुपये. शेवटी जुने म्हणून विकल्यास १,५०० रुपये परत. म्हणजे खरेदीचा एकूण खर्च ५,००० रुपये. भाडे दिवसाला ४०० रुपये आणि ने-आण करण्याचे १०० रुपये, म्हणजे एका दिवसाच्या कामाला ५०० रुपये. बिटे दोन्हीकडे आपलीच, म्हणून ती हिशेबातून गळतात. अनामत रक्कम परत मिळते. तो खर्च नव्हे.

५,००० ला ५०० ने भागले, की १० येतात. दहा दिवसांहून कमी काम असेल तर भाडे स्वस्त, जास्त असेल तर खरेदी स्वस्त. यात मोजायचे ते कामाचे दिवस; यंत्र कपाटात पडून राहिलेली वर्षे नव्हेत. एका भोकाला फार तर मिनिटभर लागते. चाळीस भोकांना यंत्र तासभरही चालत नाही, आणि असे काम शाळेत वर्षातून एकदा-दोनदाच निघते.

पण पुढे किती दिवस काम निघेल, हे आधी कळत नसेल तर? गणितात हा प्रश्न 'स्कीच्या भाड्याचा प्रश्न' म्हणून ओळखला जातो. बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या भाड्याने घ्याव्यात की विकत, असे त्याचे मूळ रूप आहे. त्याचे उत्तर सोपे आहे : नऊ दिवसांपर्यंत भाडे द्यावे आणि दहाव्या दिवसाची गरज पडली, की यंत्र विकत घ्यावे.

हे तपासून पाहा. काम नऊ दिवसांतच संपले, तर आपला खर्च कमीत कमी झाला. काम पुढे चालू राहिले, तर भाड्याचे ४,५०० आणि खरेदीचे ५,००० मिळून ९,५०० रुपये झाले. सारे आधीच ठाऊक असते तर ५,००० त भागले असते. म्हणजे भविष्य न कळताही आपला खर्च सर्वोत्तम खर्चाच्या दुपटीपलीकडे जात नाही. उलट, पहिल्याच दिवशी यंत्र घेतले आणि काम एकाच दिवसाचे निघाले, तर ५०० च्या जागी ५,००० म्हणजे दहापट खर्च होतो!

या नियमाला मर्यादा आहेतच. ज्या कारागिराला यंत्र रोज लागते, त्याने ते पहिल्याच दिवशी घ्यावे. त्याच्या बाबतीत भविष्य अज्ञात नसते. दुसरे म्हणजे, भाड्याचे यंत्र झिजलेले असू शकते. दट्ट्याभोवतालची रबरी कडी झिजली, तर हवा निसटते; यंत्र फिरते, पण ठोका पडत नाही. मग एका दिवसाचे काम दोन दिवस रेंगाळते आणि भाडे दुप्पट होते. म्हणून दुकानातच एखाद्या काँक्रीटच्या तुकड्यावर भोक पाडून पाहावे, वायर कोठे सोललेली नाही ना तेही पाहावे.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात जरूर मांडावा. भाड्याच्या पावत्या एका वहीत चिकटवून त्यांची बेरीज लिहीत जावी. ती बेरीज ४,५०० ला पोचली आणि पुन्हा काम निघाले, की खरेदीची वेळ आली. तोपर्यंत "वस्तू तरी राहील" म्हणणाऱ्यास ती वही दाखवावी.