ॲपला जात कशाला हवी?



गेल्या रविवारी घोडेगावच्या बाजारातून परतताना आमच्या ओळखीतल्या एक ताई घरी आल्या. कांद्याच्या लागणीला मजुरीने जातात, मुलगी अनुदानित शाळेत आठवीला आहे. पिशवीतून मोबाईल काढून म्हणाल्या, "दादा, शाळेने हे ॲप घालायला सांगितलंय. दोन दिवसांत भरा म्हणतात. पण यात जात विचारलीय, आधार विचारलंय. भरू का?"

मी कचेरीत कारकून आहे. कागद पुढे आला की कोणी मागितला, कशासाठी आणि कोणत्या फायलीला लागणार, हे आधी बघायची सवय आहे. मोबाईलवरचा कागदही कागदच. मुलीचे नाव, जन्मतारीख, आईचा मोबाईल नंबर, आधार क्रमांक, जातीचा प्रवर्ग आणि फोटो अशा सहा चौकटी होत्या. त्याआधी ॲपने लोकेशन, मायक्रोफोन आणि फोनमधल्या नंबरांची यादी, अशा तीन परवानग्या मागितल्या होत्या. ताईंनी घाईत तिन्हींना होकार दिला होता.

जात कळवायला आपल्याला लाज वाटत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाला आपण दाखला स्वतःहून जोडतो, आणि ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. पण शिष्यवृत्तीला दिलेली माहिती शिष्यवृत्तीलाच लागावी. गणिताचा धडा दाखवायला प्रवर्ग लागत नाही. तो पुण्या-बंगलोरच्या कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात मुलीच्या नावापुढे आणि तिच्या गुणांशेजारी कशासाठी बसायचा, हे विचारलेच पाहिजे.

"सरकारी काम असेल, तर चिंता नाही ना?" ताईंनी विचारले. त्यांना दीक्षा ॲपचे सांगितले. बालभारतीच्या पुस्तकांवर जे चौकोनी कोड छापलेले असतात, ते याच केंद्र सरकारच्या ॲपवर उघडतात. २०१७ साली ते सुरू झाले आणि कोरोनात शाळा बंद असताना आपल्या मुलांनी त्यावर धडे पाहिले. २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांतली शिक्षणाची ॲप तपासली. दीक्षा मुलाचे नेमके ठिकाण टिपू शकते, असे त्यांना आढळले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की दीक्षाची माहिती ठेवलेली एक जागा वर्षभराहून अधिक काळ कुलूप न लावता उघडी होती. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन नंबर आणि ई-मेल तिथे होते. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांचीही यादी होती. त्यांचे फोन नंबर अर्धवट झाकलेले होते, पण पूर्ण नाव, शाळा आणि कोणता अभ्यासक्रम किती पुरा केला, हे दिसत होते. यात कोणी चोरी करायला आत शिरले नव्हते. निष्काळजीपणा पुरेसा झाला. जी माहिती घेतलीच नाही ती उघड्यावर पडत नाही, म्हणून प्रश्न भरण्याआधी विचारायचा.

आधी फोन आवरला. अँड्रॉइड फोनमध्ये `Settings`, मग `Apps`, त्यात ते ॲप आणि `Permissions` अशी वाट आहे. तिथे प्रत्येक परवानगी वेगळी बंद करता येते. ॲपमध्ये मुलांनी मोठ्याने वाचून दाखवायचा भाग होता, म्हणून मायक्रोफोनला कारण आहे. तो 'वापरताना तेवढाच' असा ठेवला. लोकेशन आणि नंबरांची यादी बंद केली, तरी धडे पहिल्यासारखेच चालू राहिले. म्हणजे धड्यांसाठी त्यांची गरज नव्हती. ज्या ठिकाणाहून ॲप उतरवून घेतो, तिथे `Data safety` या नावाखाली काय गोळा होते ते लिहिलेले असते. ते जरूर वाचावे, मात्र ते कंपनीने स्वतःच भरलेले असते हे ध्यानात ठेवावे. आमच्या ॲपच्या पानावर लोकेशन गोळा होत नाही असे लिहिले होते, आणि परवानगी तर मागितलेली. ही विसंगती पत्रात घालायला उपयोगी पडली.

ओटीवर बसून पत्र लिहिले ते असे:

"मा. मुख्याध्यापक यांस, विषय : शाळेने सुचविलेल्या ॲपमधील माहितीबाबत. महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेत आठवीत शिकते. ॲपमध्ये आधार क्रमांक, जात प्रवर्ग व फोटो मागितला आहे, तसेच लोकेशन व फोनमधील नंबरांची परवानगी मागितली आहे. यांपैकी प्रत्येक बाब कोणत्या कामासाठी लागते, ते कृपया कळवावे. ही माहिती शाळेखेरीज कोणाकोणाला दिसते, कोठे व किती काळ ठेवली जाते, आणि मुलीने शाळा सोडल्यावर ती कोण पुसणार, हेही कळवावे. हे ॲप कोणाच्या आदेशाने घेतले व कंपनीशी लेखी करार झाला आहे काय? उत्तर मिळेपर्यंत मी फक्त नाव व इयत्ता भरीत आहे. त्यामुळे मुलीचा अभ्यास अडणार नाही, अशी आशा आहे."

दोन प्रती केल्या. एक कार्यालयात दिली आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतला. हा शिक्का विसरू नये. तोंडी विचारले तर उत्तरही तोंडीच मिळते.

बाराव्या दिवशी मुख्याध्यापकांनी ताईंना बोलावले. माणूस सरळ. "बाई, मलाही हे ठाऊक नव्हतं. फुकट मिळालं म्हणून घेतलं," असे त्यांनी कबूल केले आणि कंपनीला फोन लावला. आधार आणि प्रवर्ग या चौकटी रिकाम्या ठेवल्या तरी चालतात, असे तिकडून सांगण्यात आले. मग त्या ठेवल्याच कशाला, याला उत्तर नव्हते. सरांनी वर्गाच्या गटावर तसे कळवले, पण तोवर बहुतेकांनी सगळे भरून टाकले होते. लोकेशनचा खुलासा अजून आलेला नाही. कराराचा कागदही कोणी दाखवला नाही.

आता दुसरी पायरी माहिती अधिकाराची. इथे आपले बरेच अर्ज एका चुकीने वाया जातात. २००५ च्या कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, 'का' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. म्हणून 'जात का विचारली?' असे अर्जात लिहू नये. 'ॲपबाबतच्या आदेशाची, कराराची आणि कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत द्यावी' असे लिहावे. तसा कागदच नसेल तर 'कागद उपलब्ध नाही' हेही लेखी मिळते, आणि ते पुष्कळ झाले. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने दाखल्याची प्रत जोडली तर तोही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे.

नव्या कायद्याविषयी ताईंच्या भावाने विचारले होते. वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकाची खात्रीलायक संमती हवी, असे त्यात आहे. मात्र हे कलम नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू व्हायचे ठरले. शिवाय शाळेला शिकवण्याच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती सूट ठेवली आहे. जाहिरातीसाठी मुलांवर पाळत ठेवायला मात्र ती सूट लागू नाही. म्हणून करारात कंपनीला माहितीचे काय करायची मुभा दिली आहे, हे बघायचे आहे.

ताईंचा अर्ज सोमवारी जाणार आहे. त्यांच्या वस्तीतल्या आणखी चार आया बरोबर निघाल्या आहेत. पाच अर्ज वेगवेगळे द्यायचे, एकावर पाच सह्या करायच्या नाहीत, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे.