मखमलीची लव सांभाळताना

मखमलीच्या ब्लाऊजची बाजूची शिवण घालताना सुरुवातीला जुळलेली टोके शेवटी जुळत नाहीत, वरचा थर बोटभर पुढे आलेला असतो. दोन्ही थरांची लव समोरासमोर आली की ती एकमेकींवर घसरते, त्यात मशीनचे दाते खालचा थर ओढतात आणि फूट वरचा थर ढकलतो. टाचण्यांनी हे थांबत नाही, कारण दोन टाचण्यांच्या मधला कपडा सरकतच राहतो. म्हणून शिवणरेषेच्या किंचित बाहेर, शिवणमार्जिनात, हाताने बारीक धावदोरा घाला आणि अधूनमधून एक उलटा टाका घ्या. हा वेळ वाचवू नये, असे माझे ठाम मत आहे. मग फुटाचा दाब कमी करा, टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा ठेवा आणि लवेच्या दिशेने शिवा. कॉर्डरॉयलाही हेच नियम लागू आहेत, फक्त ते जरा कमी हट्टी असते. खरी परीक्षा इस्त्रीची. त्यासाठी वापरायच्या नीडल बोर्डवर बारीक उभ्या तारा असतात. कपडा त्यावर उपडा ठेवला की लव तारांमध्ये शिरून उभीच राहते. उलट्या बाजूने वाफ द्या, इस्त्रीचे वजन टाकू नका, शिवण बोटांनी उघडा. बोर्ड नसेल तर त्याच मखमलीचा तुकडा लव वर करून खाली अंथरा. सुती मखमलीची दबलेली लव वाफेने आणि मऊ ब्रशने बरीचशी उठते. पॉलिएस्टरवर वितळून उमटलेली चकाकी मात्र कायमची राहते.