क्लब कुणाचा? मालकाचा, राज्याचा की सभासदांचा?

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. तालमीचा संघ हरला तर पेठेत त्या रात्री चूल उशिरा पेटते. पण अलीकडे वसतिगृहातील माझे मित्र पेठेच्या संघाइतक्याच जिव्हाळ्याने इंग्लंडमधील, जर्मनीतील क्लबांविषयी बोलतात. "काल आपण जिंकलो," असे ते म्हणतात, तेव्हा या 'आपण' शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. आपण म्हणजे कोण? ज्या क्लबसाठी आपण जागरण करतो, तो खरोखर कुणाचा असतो? आणि त्याचा मालक चुकला, तर प्रेक्षकाच्या हाती काय उरते? या लेखात मी मुख्यतः ह्या शेवटच्या प्रश्नाचा विचार करणार आहे. क्लबच्या मालकीचे तीन प्रकार आहेत आणि या एका प्रश्नाला तिघेही वेगवेगळे उत्तर देतात.

पहिला प्रकार खाजगी मालकीचा. मँचेस्टर युनायटेड हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने 2005 साली हा क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला. परंतु त्यातील फार मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा बराच भाग क्लबच्याच माथी बसला. तोवर क्लबवर कर्ज नव्हते. म्हणजे घर विकत घेणाऱ्याने कर्ज काढायचे आणि त्याचे हप्ते घराने फेडायचे, असा हा व्यवहार झाला. प्रेक्षक तिकिटासाठी जे पैसे मोजतो त्यांतील काही व्याजात जाऊ लागले. 2010 साली प्रेक्षकांनी क्लबच्या जुन्या नावाच्या काळातील हिरवे आणि सोनेरी रंग गळ्यात घालून निषेध केला. मे 2021 मध्ये ते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. तरीही मालक हलले नाहीत.

ते का हलले नाहीत याचे उत्तर भागांच्या रचनेत आहे. 2012 साली क्लबचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारात विक्रीला आले. कुणीही ते घेऊ शकतो. मात्र बाजारातील भागाला एक मत आणि कुटुंबाने स्वतःकडे राखलेल्या भागाला दहा मते, अशी व्यवस्था होती. एखाद्या निष्ठावंत प्रेक्षकाने पोटाला चिमटा काढून शंभर भाग घेतले, तरी मालकाचे दहा भाग त्याची बरोबरी करतात. 2024 साली हंगाम चालू असतानाच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड करण्यात आला आणि मुलांची व वृद्धांची सवलतही त्यातून गेली. प्रेक्षकांनी आरडाओरड केली. पण आरडाओरड म्हणजे मत नव्हे.

आता दुसरा प्रकार पाहू. यात क्लबच्या पाठीशी एखादे राज्य किंवा राजघराणे उभे असते. न्यूकासल युनायटेडचे प्रेक्षक 14 वर्षे आपल्या खाजगी मालकावर नाराज होते. संघावर खर्च होत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या राज्य गुंतवणूक निधीने क्लबचा 80 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा हजारो लोक स्टेडियमबाहेर नाचले. त्यांना हसणे सोपे आहे. पण चौदा वर्षांच्या दुष्काळानंतर पाऊस पडला तर ढग कुठून आला हे कोण विचारतो? पाऊस खराही ठरला. मार्च 2025 मध्ये न्यूकासलने लीग कप जिंकला. देशांतर्गत मोठ्या स्पर्धेतील हे यश 1955 नंतरचे पहिले होते. ज्या आजोबांनी आधीचे पाहिले होते आणि ज्या नातवाने काहीच पाहिले नव्हते, ते दोघे त्या दिवशी एकत्र रडले असतील.

परंतु या मालकीची खरी अडचण वेगळी आहे. व्यवहाराला मान्यता देताना प्रीमियर लीगने सांगितले की, सौदी राज्य क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही अशी कायदेशीर हमी मिळाली आहे. आणि त्या निधीचे अध्यक्ष तर त्या देशाचे युवराजच! अशा मालकाला फायद्याची घाई नसते, त्यामुळे तिकीट न घेण्याच्या धमकीने तो डगमगत नाही. त्याला क्लबकडून हवा असतो तो नावलौकिक. म्हणून प्रेक्षकावर एक नवेच ओझे येते. त्या राज्याच्या तुरुंगांविषयी कुणी प्रश्न विचारला की तो प्रश्न त्याला आपल्या संघावरचा हल्ला वाटू लागतो. नकळत तो परक्या राज्याचा बिनपगारी वकील होतो.

हे सारे दूरचे वाटत असेल तर मुंबईकडे पाहावे. अबूधाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांची बहुतांश मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 साली मुंबई सिटी या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला. त्या काळात संघ दोनदा इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात अव्वल राहिला. पुढे लीगचेच भवितव्य अनिश्चित झाले आणि डिसेंबर 2025 मध्ये हा गट आपला हिस्सा सोडून निघून गेला. येताना मुंबईच्या प्रेक्षकाला कुणी विचारले नव्हते, जातानाही विचारले नाही.

तिसरा प्रकार सभासदांच्या मालकीचा. हा समजायला आम्हां सहकाराच्या मुलखातील मुलांना वेळ लागू नये. कंपनीत जितके भाग तितकी मते; सहकारी संस्थेत मात्र एक सभासद, एक मत. जर्मनीत 1998 पासून असा नियम आहे की, क्लबने व्यावसायिक संघासाठी कंपनी काढली तरी तिच्यातील निम्म्याहून एक मत अधिक हे मूळ सभासद-संस्थेकडेच राहिले पाहिजे. भांडवल बाहेरच्याचे चालेल, पण शेवटचा शब्द सभासदांचा.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो आणि कुठे गळतो, हे एका मतदानावरून नीट दिसते. 11 डिसेंबर 2023 रोजी जर्मनीच्या पहिल्या दोन विभागांतील 36 क्लबांचे प्रतिनिधी जमले. सामन्यांच्या प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नातील सुमारे 8 टक्के वाटा 20 वर्षांसाठी एका गुंतवणूकदाराला द्यायचा आणि त्या बदल्यात सुमारे 1 अब्ज युरो घ्यायचे, असा ठराव होता. मंजुरीला दोनतृतीयांश, म्हणजे 24 मते हवी होती. ठरावाच्या बाजूने बरोबर 24 मते पडली. एक जरी कमी पडले असते तर ठराव फेटाळला गेला असता.

यात हॅनोव्हर 96 या क्लबची गोष्ट आहे. तेथील सभासद-संस्थेने आपले व्यवस्थापक मार्टिन किंड यांना स्पष्ट आदेश दिला होता की, विरोधात मत द्यावे. किंड हे त्या क्लबचे मोठे गुंतवणूकदारही होते. मतदान गुप्त झाले. नंतर कोणकोणत्या क्लबांनी विरोध केला याची जुळवाजुळव झाली आणि संशय हॅनोव्हरच्या मताकडे वळला. आपण काय मत दिले ते सांगण्यास किंड यांनी नकार दिला. नियम कागदावर शाबूत राहिला. पण सभासदांचा आदेश मतपेटीपर्यंत पोहोचला की नाही, हे सभासदांनाच कळेना.

येथे प्रेक्षक स्वस्थ बसले नाहीत. सामन्याची पहिली 12 मिनिटे त्यांनी मौन पाळले. मग मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी येऊन पडू लागली. ते वेचेपर्यंत खेळ थांबे. एक सामना तर अर्ध्या तासाहून अधिक खोळंबला. अखेर 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने गुंतवणूकदाराशी चाललेली बोलणी थांबवली. मँचेस्टरमध्ये मैदानात घुसूनही मालक हलला नाही आणि इथे टेनिसच्या चेंडूंनी अब्जाचा व्यवहार मोडला, हे कसे? माझ्या मते कारण एवढेच की, जर्मन क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना पुन्हा त्याच सभासदांपुढे सर्वसाधारण सभेत उभे राहायचे होते. आरडाओरडीमागे मत उभे असेल तरच ती ऐकू जाते.

म्हणून सभासदांची मालकी सर्व दुखण्यांवर औषध आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. बार्सिलोना सभासदांचाच क्लब आहे. तरीही त्याच्या निवडून आलेल्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत क्लब कर्जात बुडाला. फरक इतकाच की, वीस हजारांहून अधिक सभासदांनी अविश्वासाच्या मागणीवर सह्या केल्या आणि ऑक्टोबर 2020 मध्ये त्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. लायप्झिगचा क्लब तर नियम पाळूनच नियम मोडतो. मताचा हक्क असलेले सभासद तिथे अगदी मोजके आहेत आणि ते सारे शीतपेय विकणाऱ्या त्या कंपनीच्या गोटातले. तेव्हा 'सभासदांचा क्लब' ही पाटी पाहून भुलू नये. सभासद कोण होऊ शकतो, मत उघड की गुप्त आणि पदाधिकाऱ्याला काढता येते का, हे तीन प्रश्न विचारावेत.

हे तीन प्रश्न मला पुस्तकातून सुचले नाहीत. माझे वडील एका साखर कारखान्याचे सभासद आहेत. दरवर्षी ते सर्वसाधारण सभेला जातात. अहवाल त्यांना वाचता येत नाही. तो मी वाचतो. गेल्या वर्षी मी त्यांना विचारले, "ठराव काय होता?" ते म्हणाले, "कुणाला ठावं? 'मंजूर, मंजूर' म्हणाली समदी, आम्हीबी हात वर केला आन् जेवून आलो." त्यांच्याकडे मत आहे, मँचेस्टरच्या प्रेक्षकाकडे नाही, पण त्या दुपारी दोघांत फारसा अंतर नव्हता.

तरीसुद्धा मी वडिलांचे ते मत कुणाला विकू देणार नाही. न वापरलेले मत पुढच्या सभेत वापरता येते. विकलेले मत परत मिळवायला, मँचेस्टरच्या प्रेक्षकांनी दाखवले तसे, वीस वर्षांचा निषेधही पुरत नाही. यंदाचा अहवाल आला की मी तो वडिलांना सभेच्या आधी वाचून दाखवणार आहे.